४४४ दिवसांची एफडी ऑक्टोबरमध्ये संपली, ऑटो रिन्यू झालीच नाही. मधल्या चार महिन्यांचं व्याज कुठल्या दराने?

प्राची_सुदामानगर · ६ फेब्रुवारी २०२६, सकाळी ११.२०

सासूबाईंच्या (वय ५८) नावावर इथे इंदूरच्या एका सरकारी बँकेत ३ लाखांची एफडी आहे. ४४४ दिवसांची विशेष योजना होती. २२ जुलै २०२४ ला ठेवली, दर ७.२५ टक्के, तिमाही चक्रवाढ. मुदत ९ ऑक्टोबर २०२५ ला संपली. पावतीवर मुदतीनंतरची रक्कम ३,२७,४०७ छापलेली आहे.

ठेवताना अर्जावर ऑटो रिन्यूअलला खूण केली होती असं सासूबाई ठामपणे सांगतात. पण आज नेट बँकिंग उघडलं तर तीच जुनी मुदतीची तारीख, तोच जुना दर आणि रक्कम ३,२७,४०७. त्यापुढे एक रुपया सरकलेला नाही. शाखेत फोन केला तर "ओव्हरड्यू दिसतेय, पावती घेऊन या" एवढंच उत्तर.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ऑक्टोबरपासून आजपर्यंत व्याज मिळेल का आणि कुठल्या दराने? ठेव ९ ऑक्टोबरपासूनच पुढे चालू करून मिळते का? आणि आता नवी करताना मुदतीनंतरची सूचना कोणती लिहावी, म्हणजे पुन्हा असं व्हायला नको?

टिळकनगरी · ११.४१

ताई, घाबरू नका. अर्जावर ऑटो रिन्यूची खूण असेल तर बँक आपोआप तेवढ्याच मुदतीसाठी पुढे नेते, ७.२५ नेच. स्क्रीन अपडेट झाली नसेल. सरकारी बँकेचं सर्व्हर म्हणजे काय सांगावं.

नर्मदापार · ११.५८

मोडू नका हो. ४४४ दिवसांची ठेव मधेच मोडली की पेनल्टी लागते, अर्धा-एक टक्का कापतात. थोडं थांबा, मुदत पूर्ण होऊ द्या.

प्राची_सुदामानगर · १२.०३

काका, मुदत ऑक्टोबरमध्येच संपली आहे. मोडायचा प्रश्नच नाही.

काउंटर_तीन · दुपारी १२.४०

टिळकनगरींचं अर्धं बरोबर आहे. ऑटो रिन्यूअल झालं असतं तर ठेव तेवढ्याच मुदतीसाठी पुढे गेली असती, हे खरं. पण ७.२५ ने नाही. जुना दर जुन्या मुदतीबरोबर संपतो. पुढची ठेव त्या दिवशी बँकेच्या तक्त्यात जो दर असेल त्या दराने सुरू होते. २०२५ मध्ये रेपो फेब्रुवारीतल्या ६.५० वरून जूनपर्यंत ५.५० वर आला आणि ठेवींचे दर त्यामागोमाग उतरले. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये ७.२५ हातात पडणारच नव्हतं.

आता स्क्रीन. ठेव रिन्यू झाली की तीन गोष्टी बदलतात: सुरुवातीची तारीख, दर आणि पुढची मुदत. मुद्दलही ३,००,००० न राहता ३,२७,४०७ होतं. काही बँकांत खातेक्रमांक तोच राहतो, काहींत नवा येतो, म्हणून क्रमांकावरून ओळखू नये, तारखांवरून ओळखावं. तुमच्याकडे मुदतीची तारीख मागची आहे आणि ठेव यादीत तशीच दिसतेय. म्हणजे रिन्यू नाही, पैसे बचत खात्यातही नाहीत. याला शाखेत ओव्हरड्यू म्हणतात. सर्व्हरला दोष देऊन उपयोग नाही.

ओव्हरड्यू ठेवीचं व्याज शाखा मॅनेजरच्या मर्जीवर नसतं. रिझर्व्ह बँकेच्या २ जुलै २०२१ च्या परिपत्रकानुसार मुदत संपूनही न उचललेल्या ठेवीवर बचत खात्याचा दर किंवा त्या ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तो लागतो. त्याआधी नुसता बचत दर होता, "जो कमी" हे तेव्हा आलं. सहकारी बँकांनाही हाच नियम आहे. बहुतेक मोठ्या सरकारी बँकांचा बचत दर सध्या २.५० च्या आसपास आहे, म्हणजे तुम्हाला तोच धरावा लागेल.

प्राची_सुदामानगर · १२.५२

२.५०? आणि ठेव ७.२५ ची होती!

काउंटर_तीन · दुपारी १.३०

हो. आकडे मांडतो. ९ ऑक्टोबर ते ६ फेब्रुवारी म्हणजे १२० दिवस. ३,२७,४०७ वर २.५० ने सरळ व्याज सुमारे २,६९० रुपये. हीच रक्कम समजा ६.२५ ने रिन्यू झाली असती तर याच १२० दिवसांत साधारण ६,७३० साचले असते. चार महिन्यांत चार हजारांचा फरक, आणि तोही कोणाला दिसत नाही. कारण ओव्हरड्यू व्याज दर तिमाहीला खात्यात पडत नाही. तुम्ही ठेव उचलायला किंवा पुढे न्यायला गेलात की त्या दिवशी हिशोब करून देतात. तोवर स्क्रीनवर ३,२७,४०७ चं ३,२७,४०७ च.

एक बारीक गोष्ट. मुदत रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी संपली तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जुनाच ठरलेला दर द्यायचा असतो. तुमच्या बाबतीत ९ ऑक्टोबर गुरुवार होता, त्यामुळे त्याचा फायदा नाही. पण अनेकदा रविवारचा एक दिवस ओव्हरड्यूत टाकलेला दिसतो, तेव्हा पावतीच्या तारखेचा वार बघायचा.

टिळकनगरी · १.३८

मग मागच्या तारखेपासून रिन्यू करून घ्या. आमच्या शाखेत करून देतात.

काउंटर_तीन · १.५५

करून देतात, पण चार महिन्यांनी नाही. बऱ्याच बँकांच्या ठेव धोरणात असं असतं की मुदत संपल्यापासून १४ दिवसांच्या आत रिन्यूअल मागितलं तर ते मुदतीच्या तारखेपासून धरतात आणि त्या तारखेचा दर लावतात. चौदा दिवस उलटले की नवी ठेव आजच्या तारखेने, आजच्या दराने. मधल्या दिवसांना वरचा ओव्हरड्यू दर. दिवसांची संख्या बँकेनुसार बदलते, तिच्या साइटवरच्या 'डिपॉझिट पॉलिसी' या पीडीएफमध्ये "ओव्हरड्यू" शोधलं की सापडते.

तुमच्या बाबतीत ती खिडकी २३ ऑक्टोबरच्या आसपास बंद झाली. शिवाय ५ डिसेंबरला रेपो आणखी पाव टक्का उतरून ५.२५ झाला. म्हणजे दोन्हीकडून नुकसान: मधले चार महिने २.५० आणि पुढची ठेव ऑक्टोबरपेक्षा कमी दराने.

पण एक वाट आहे, ती अर्जावरच्या खुणेमुळे. त्यावर जरा सविस्तर लिहितो, जेवून येतो.

मुकुंद_पलासिया · दुपारी २.१०

आमच्याकडे वेगळंच झालं. सूचना होती "मुदतीनंतर रक्कम बचत खात्यात जमा". जे बचत खातं जोडलं होतं ते मधेच बंद केलं होतं, दुसऱ्या शाखेत नवं काढलं, पण एफडीला जुनाच नंबर जोडलेला राहिला. ठेव संपली, पैसे जायला खातंच नाही, म्हणून ओव्हरड्यूत पडले. म्हणजे ऑटो रिन्यू नको म्हणून जमा-सूचना दिली तरी सुटका नाही, भिया.

काउंटर_तीन · दुपारी ३.०५

मुकुंद यांचं उदाहरण नेहमीचं आहे. जमा-सूचनेचा सगळा भार जोडलेल्या खात्यावर असतो. बचत खातं बंद करताना त्याला जोडलेल्या एफडी कोणत्या, हे काउंटरवर स्वतः विचारावं लागतं, बँक आठवण करून देईलच असं नाही.

आता प्राचीताई. आधी ठेवीच्या अर्जाची प्रत मागा. तुमच्याकडे नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्या: खातेक्रमांक, ठेवीची तारीख, "मुदतीनंतरच्या सूचनेची नोंद असलेल्या अर्जाची प्रत आणि सिस्टीममधल्या नोंदीचा प्रिंट मिळावा". दोन्ही हवेत, कारण चूक बहुधा या दोघांच्या मधे होते. कागदावर खूण एक, आणि सिस्टीममध्ये ठेव उघडताना काउंटरवर भरली जाते दुसरी. पावतीवरही Maturity Instruction अशी ओळ छापलेली असते. तिच्यात 'Auto Renew' नसून 'Credit to Account' किंवा नुसती रिकामी जागा असेल तर घोटाळा तिथेच झाला.

दुसरी शक्यता योजनेची. ४४४, ४०० दिवस अशा विशेष योजना ठराविक काळापुरत्या असतात. काहींच्या अटींतच ऑटो रिन्यूअल नसतं. काहींत मूळ योजना बंद झाली असेल तर तेवढ्याच दिवसांसाठी साध्या तक्त्याचा दर लागून ठेव पुढे जाते. कुठली अट होती ते ठेव उघडतानाच्या योजनापत्रकात असतं. योजनेतच रिन्यूअल नव्हतं तर खूण असूनही बँक "आम्ही सांगितलं होतं" म्हणेल. पण मग त्या रकान्यात खूण स्वीकारली कशाला, हा प्रश्न आपला.

अर्जावर खूण आणि योजनेत परवानगी, दोन्ही असतील तर प्रकरण भक्कम आहे. मागणी अशी लिहायची: "मुदतीच्या तारखेपासून सूचनेप्रमाणे नूतनीकरण करून त्या दिवशीचा दर द्यावा, किंवा व्याजातील फरक भरून द्यावा." फक्त "व्याज कमी मिळालं" लिहिलंत तर उत्तरात २०२१ चं परिपत्रक चिकटवून फाइल बंद करतील. बँकेला आधी लेखी तक्रार, पोचपावती घ्यायची. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार, फी नाही. सूचना नोंदवून ती न पाळणं ही सेवेतली त्रुटीच. दराबद्दलची नाराजी हा लोकपालाचा विषय नाही, हा फरक लिहिताना लक्षात ठेवा.

रामबाग_चौक · ३.२५

याच्यात एसएमएस कुठे आला नाही का? बँकेने मुदत संपण्यापूर्वी कळवायला हवं ना.

काउंटर_तीन · ३.४०

कळवायला हवं. मुदत जवळ आल्याची सूचना ठेवीदाराला आगाऊ द्यावी असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलंच आहे. आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार, जिथे रिन्यू करायचा स्पष्ट आदेश नाही आणि पैसे उचललेले नाहीत अशा ठेवी बँकेने वर्षातून एकदा तपासायच्या आणि ग्राहकाला कळवायचं. पण मोबाईल नंबर सासूबाईंचा नोंदलेला आहे का, जुना सिम बंद झालेला नाही ना, हेही पाहा. तक्रारीत "सूचना मिळाली नाही" लिहिलं आणि नंबरच बदललेला निघाला तर मुद्दा उलटतो.

प्राची_सुदामानगर · संध्याकाळी ५.१५

नंबर बरोबर आहे, बँकेच्या जाहिरातींचे मेसेज रोज येतात! सप्टेंबरमधलं काहीच सापडलं नाही. उद्या राजवाड्याजवळच्या शाखेत जाऊन अर्जाची प्रत मागते. तोवर ठेव तशीच ठेवू का, की आजच पैसे काढू? तक्रार चालू असताना पैसे हलवले तर हक्क जातो का?

काउंटर_तीन · संध्याकाळी ६.३०

रोज साडेबावीस रुपये २.५० ने मिळतायत, ६.२५ ने छप्पन्न मिळतील. तक्रार महिनाभर चालली तर ते अंतर वाढतच जाईल. त्यामुळे पैसे कामाला लावा. फक्त नव्या ठेवीचा अर्ज देताना सोबत एका ओळीचं पत्र जोडा: "९ ऑक्टोबर २०२५ ते आजपर्यंतच्या व्याजाबाबतची माझी तक्रार कायम ठेवून ही रक्कम स्वीकारत आहे." पोचपावतीवर शिक्का. पैसे घेतले म्हणून तक्रार मिटली असं बँकेला म्हणता येऊ नये यासाठी एवढं पुरेसं असतं.

नवी ठेव ताज्या अर्जाने, ताज्या तारखेने करा. जुनीवरच "रिन्यू करा" म्हणालात तर १२० दिवसांचा हिशोब नीट वाचूनच सही करा. ओव्हरड्यूचे अडीच हजार मुद्दलात मिळवले की वेगळे दिले हे कागदावर दिसलं पाहिजे.

टिळकनगरी · ६.४८

हे सगळं बघता ऑटो रिन्यू नकोच. पैसे बचत खात्यात येऊ द्यावेत, आपण बघू काय करायचं ते.

काउंटर_तीन · रात्री ८.१०

इथे मी असहमत आहे. बचत खात्यात आलेले पैसेही २.५० वरच असतात, ओव्हरड्यूसारखेच. एवढंच की तिथे ते खर्चही होतात. "आपण बघू" म्हणणारा माणूस तारखेला बघत असेल तर जमा-सूचना उत्तम. नसेल तर ऑटो रिन्यू हीच कमी वाईट निवड.

कारण हिशोबाने सांगतो. लोकांना भीती असते की ऑटो रिन्यू झालं आणि पैसे हवे झाले तर अडकलो. अडकत नाही, मोडता येते. समजा प्राचीताईंची ठेव ९ ऑक्टोबरला आपोआप पुढे गेली आणि आज १२० व्या दिवशी मोडली. तेव्हा पूर्ण ४४४ दिवसांचा दर मिळत नाही. जेवढे दिवस ठेव राहिली तेवढ्या मुदतीसाठी ठेवीच्या दिवशी तक्त्यात जो दर होता तो, वजा दंड. समजा चार महिन्यांच्या मुदतीला ४.९० आणि दंड अर्धा टक्का, म्हणजे ४.४०. त्याने १२० दिवसांचे सुमारे ४,७४० रुपये होतात. ओव्हरड्यूच्या २,६९० च्या पुढे दोन हजारांनी. दंड भरूनसुद्धा.

पहिल्या महिनाभरात मात्र फरक जवळपास नसतो. त्या छोट्या मुदतीचा दर तीनच्या आसपास असतो, दंड वजा जाता अडीच उरतो. आणि सात दिवसांच्या आत मोडली तर व्याज शून्य. एवढ्या सुरुवातीला काही बँका आपोआप झालेलं रिन्यूअल रद्द धरून ओव्हरड्यू दर देतात, तेही धोरणात पाहायचं.

आता कुठली सूचना. अर्जावर साधारण तीन वाटा असतात. मुद्दल-व्याज दोन्ही पुढे, फक्त मुद्दल पुढे आणि व्याज खात्यात, सगळं खात्यात. माझी पसंती अशी की ज्याला व्याजाची दरमहा किंवा दरसाल गरज नाही त्याने पहिली घ्यावी, पण साध्या एक वर्षाच्या ठेवीवर, ४४४ सारख्या आडमुदतीवर नाही. आडमुदतीची ठेव आपोआप पुढे गेली तर योजना बंद असल्याने दर साधा मिळतो आणि मुदत मात्र पुन्हा सव्वा वर्षाची. विशेष योजना घ्यायचीच असेल तर जमा-सूचना द्या आणि मुदतीच्या तारखेची आठवण दोन फोनवर लावा, एक ठेवीदाराच्या आणि एक घरातल्या तरुणाच्या.

दुसरी सूचना, म्हणजे मुद्दल पुढे आणि व्याज खात्यात, तिचा एक छुपा गुण आहे: मुदतीच्या दिवशी बचत खात्यात रक्कम पडते, त्यामुळे एसएमएस येतो आणि माणसाला कळतं की ठेव पुढे गेली. विसराळू घरासाठी ही चांगली.

वैजू_लोकमान्यनगर · ८.३५

प्रश्न आहे. सासूबाई ५८ च्या, मग साठ झाल्यावर ज्येष्ठाचा अर्धा टक्का जास्त आपोआप लागतो का?

काउंटर_तीन · ८.५०

चालू ठेवीला नाही. दर ठेवीच्या दिवशी ठरतो. साठ पूर्ण झाल्यानंतर जे रिन्यूअल होईल त्याला लागतो, सिस्टीममध्ये जन्मतारीख बरोबर असेल तर. सासूबाईंना अजून दोन वर्षं आहेत, तेव्हा आता तीन-पाच वर्षांची ठेव केली तर साठीनंतरही साधाच दर राहील. वर्षाची ठेवून पुढे नेत राहिलं तर साठीनंतरच्या पहिल्याच रिन्यूअलला वाढीव दर. अर्थात तोवर मूळ दरच घसरले तर? तो सट्टा ज्याचा त्याने.

रामबाग_चौक · ९.०२

टीडीएस? चार महिने ओव्हरड्यू राहिलं तर त्याचा काही फरक?

काउंटर_तीन · ९.१५

या रकमेत नाही. एका बँकेतलं वर्षाचं एकूण व्याज ५० हजारांच्या वर गेलं तरच साठीच्या आतल्यांचं कापतात, ज्येष्ठांना १ लाख. संचयी ठेवीवर व्याज हातात आलं नसलं तरी त्या-त्या वर्षी जमा धरतात, तेव्हा त्यांच्या दुसऱ्याही ठेवी त्याच बँकेत असतील तर सगळ्या मिळून बघा.

अनघा_वडोदरा · ७ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

वडोदऱ्याहून लिहितेय, विषय थोडा जवळचाच. ठेवीदाराचं निधन मुदतीच्या आधी झालं, बँकेला कळवलं नाही आणि ठेव ऑटो रिन्यू झाली, असं असेल तर वारसाला कुठलं व्याज मिळतं? काका गेल्यानंतर दोन वर्षांनी पावती सापडली आहे. आम्हाला एका ठिकाणी सांगितलं रिन्यूअलचा दर, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं तो ग्राह्य नाही.

काउंटर_तीन · १०.२५

मुदतीपर्यंत ठरलेला दर आणि मुदतीनंतर सरळ व्याज, इथपर्यंत वाद नाही. मृत्यूनंतर आपोआप झालेल्या रिन्यूअलचं मात्र बँकांच्या पद्धती वेगळ्या पाहिल्या आहेत. कुणी ते रिन्यूअल मान्य करून पूर्ण दर देतं, कुणी मृत्यूच्या तारखेनंतरचं रिन्यूअल उलटवतं. रिन्यूअल झालेली पावती किंवा स्क्रीनप्रिंट हातात असेल तर दावा त्यावरच लावा आणि ते नाकारलं तर कारण लेखी मागा. मृत्यूच्या वेळी सूचना कोणाच्या सहीची होती आणि नामनिर्देशन होतं का हे आधी पाहा, नाहीतर दर ठरण्याआधी वारसाच्या कागदांतच वर्ष जाईल.

नर्मदापार · १०.५०

आणि दहा वर्षांनी सरकार घेऊन टाकतं म्हणतात ते पैसे.

काउंटर_तीन · ११.१०

सरकार नाही. दहा वर्षं कुणी दावा केला नाही की ते रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जातात, २०१४ पासूनची योजना आहे. पैसे बुडत नाहीत. वारस किंवा ठेवीदार बँकेकडेच दावा करतो आणि बँक देते. निधीत गेल्यानंतरचं व्याज ११ मे २०२१ पासून ३ टक्के सरळ. गंमत म्हणजे हे आजच्या बऱ्याच बँकांच्या बचत दरापेक्षा जास्त आहे! कुठल्या बँकेत काही पडलंय का ते udgam.rbi.org.in वर नाव टाकून शोधता येतं. अनघाताई, तिथेही काकांचं नाव टाकून पाहा, पावतीशिवाय दुसरं काही निघू शकतं.

मुकुंद_पलासिया · ११.२५

ऑटो रिन्यू होत राहिली तर दहा वर्षं कधी पूर्ण होणारच नाहीत ना? मुदत पुढेच जात राहते.

टिळकनगरी · ११.३२

तेच म्हणतोय, कागदावर जिवंत राहते.

काउंटर_तीन · ११.५०

दहा वर्षं मुदतीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे रिन्यूअल चालू असेपर्यंत तारीख पुढे सरकते असं दिसतं खरं. पण ज्या ग्राहकाने वर्षानुवर्षं शाखेत पाऊल ठेवलं नाही त्याच्या ठेवीला बँका काय लावतात, यावर माझा आणि माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा वाद अजून मिटलेला नाही.

प्राची_सुदामानगर · ९ फेब्रुवारी, दुपारी १.१५

शाखेत जाऊन आले. अर्जाच्या प्रतीवर 'Auto Renewal – Principal + Interest' या रकान्यात खूण आहे. पण सिस्टीमच्या प्रिंटमध्ये Maturity Instruction समोर 'Credit to Account' लिहिलंय आणि खात्याचा रकाना रिकामा. योजनापत्रक अजून मिळालं नाही, मॅनेजर म्हणाले मुख्य कार्यालयाकडून मागवतो. पत्राची पोचपावती शिक्क्यासह घेतली. ओव्हरड्यूचे २,७५८ रुपये त्यांनी आजपर्यंतचे दाखवले आहेत, तुमच्या हिशोबाशी जुळतंय.

नवी ठेव एक वर्षाची केली, मुद्दल पुढे आणि व्याज खात्यात. पावती काउंटरवरच वाचली, सूचनेची ओळ आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे जुळवले. पहिल्यांदा खात्याचा रकाना पुन्हा रिकामाच छापला होता, सांगून दुसरी छापून घेतली.

काउंटर_तीन · १.४०

१२३ दिवसांचे २,७५८, बरोबर. कागद आणि सिस्टीममधला हा फरक म्हणजे तुमच्या तक्रारीचा मुख्य पुरावा. दोन्ही प्रती एकत्र स्कॅन करून ठेवा, शाखेने नंतर सिस्टीममधली नोंद दुरुस्त केली तर हा प्रिंट पुन्हा निघणार नाही. योजनापत्रक आठवड्यात आलं नाही तर त्याची वाट न पाहता बँकेच्या तक्रार कक्षात लेखी तक्रार घाला, तीस दिवस त्या तारखेपासून मोजतात.

रामबाग_चौक · २.०५

पत्रक आलं की इथे त्यातली रिन्यूअलची ओळ टाका ताई, माझीही ४४४ ची मार्चमध्ये संपतेय.